महालक्ष्म्यांची रजा: पंचांगाने ठरवलेले तीन दिवस वरिष्ठांकडे कसे मागावेत

गणेश चतुर्थीची सुट्टी मागावी लागत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक कंपन्यांच्या यादीत ती असतेच. घोडं अडतं ते त्यानंतर येणाऱ्या गौरींपाशी. आमच्या अमरावतीकडे त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचं पूजन आणि जेवण होतं, मूळ नक्षत्रावर त्यांना निरोप दिला जातो. हे तीन दिवस ना रविवार बघून येतात, ना महिनाअखेर टाळून येतात, आणि कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत ते सहसा नसतात.

मी अकरा वर्षं पुण्यात नोकरी करते आणि दरवर्षी या तीन दिवसांसाठी सासरी जाते. गेली चार वर्षं माझ्या हाताखालच्या नऊ जणांच्या रजाही मीच मंजूर करते. त्यामुळे मागणारीची तगमग मला ठाऊक आहे आणि देणाऱ्याची अडचणही. खाली लिहिलंय ते या दोन्ही बाजूंनी बघून.

तारीख आधी स्वतः नक्की करा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. २०२३ साली चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि महालक्ष्म्या २१ तारखेला आल्या, म्हणजे दोन दिवसांनी. २०२४ च्या जानेवारीत वर्षभराच्या रजा भरायच्या होत्या. चतुर्थी ७ सप्टेंबरला आहे एवढं बघितलं, त्यात दोन मिळवले आणि ९, १०, ११ सप्टेंबर अशी रजा टाकून मोकळी झाले. त्या वर्षी आवाहन होतं १० तारखेला आणि विसर्जन १२ ला. ऑगस्टमध्ये सासूबाईंनी फोनवर तारखा सांगितल्या तेव्हा चूक कळली. तोवर १२ तारखेची एक मोठी बैठक माझ्या नावावर लागली होती. महालक्ष्म्या घरात असताना मला आदल्या रात्रीची गाडी धरावी लागली.

कारण साधं आहे. चतुर्थी तिथीवर ठरते, तर गौरी नक्षत्रावर. तिथी सूर्य आणि चंद्र यांच्यामधल्या अंतरावरून मोजतात. नक्षत्राचा संबंध फक्त चंद्र आकाशात कुठे आहे याच्याशी असतो. ही दोन घड्याळं वेगवेगळी चालतात, म्हणून चतुर्थी आणि आवाहन यांच्यातलं अंतर दरवर्षी सारखं राहत नाही. २०२१ मध्ये ते दोन दिवसांचं होतं, २०२२ मध्ये तीन, २०२३ मध्ये दोन, २०२४ मध्ये तीन आणि २०२५ मध्ये चार. गेल्या वर्षीवरून यंदाचं गणित मांडायचं नाही, एवढं यातून घ्यायचं.

इंग्रजी तारखाही सरळ मागे सरकत जात नाहीत. चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट अशी दरवर्षी अकरा-बारा दिवसांनी अलीकडे येत गेली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि ती एकदम १४ सप्टेंबरवर गेली. ज्यांच्या कामाला महिनाअखेरीचा किंवा तिमाहीचा ताण असतो त्यांच्या दृष्टीने ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबरचा मध्य यांत फार फरक आहे.

म्हणून नवीन वर्षाचं पंचांग किंवा दिनदर्शिका हाती आली की तीन गोष्टी बघून वहीत लिहून ठेवायच्या. पहिली, आवाहन, पूजन आणि विसर्जन यांच्या तारखा आणि वार. दुसरी, आवाहन किती वाजेपर्यंत करायचं आहे. २०२५ मध्ये ३१ ऑगस्टला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अनुराधा संपत होती. त्यामुळे रविवारी संध्याकाळी घरी पोहोचून भागणार नव्हतं, दुपारीच महालक्ष्म्या आत घ्यायच्या होत्या. एका दिवसाच्या प्रवासाचा निकाल या एका वेळेवर लागतो. तिसरी गोष्ट, घरी कोणतं पंचांग मानतात. बहुतेक घरी दाते पंचांग किंवा कालनिर्णय असतं, पण काही घरी टिळक पंचांग चालतं आणि त्याच्या तारखा कधी कधी वेगळ्या येतात. गावी फोन करून घरातल्या मोठ्या माणसाकडून तारखा पक्क्या करून घ्या, मगच ऑफिसात तोंड उघडा. एकदा मागितलेली तारीख बदलायला गेलं की समोरच्याला वाटतं, हा दिवस पुढेमागे करता येतो. आपलं सगळं म्हणणं तर नेमकं उलट असतं.

कोणता दिवस तुमच्यावाचून अडतो

घरात कार्य तीन दिवसांचं असलं, तरी मागायची रजा तीन दिवसांचीच असेल असं नाही. कामं कशी वाटली आहेत ते आधी घरी बसून बोलून घ्या.

आमच्याकडे आवाहनाच्या आधीचा दिवस तयारीचा. कोठ्या काढून पुसायच्या, मुखवटे उजळायचे, साड्या नेसवायच्या, फुलोऱ्याच्या करंज्या आणि सांजोऱ्या तळायच्या. हे काम बरंचसं आधी उरकता येतं आणि चुलत नणंदा हाताशी असतात. पूजनाचा दिवस मात्र हलत नाही. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी, पुरणाचे दिवे, आणि जेवायला साठ-सत्तर माणसं. पहाटे चारला चूल पेटते आणि रात्री अकराला भांडी आवरतात. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा किंवा 'मध्ये दोन तास फोनवर असेन' असलं काही कबूल करू नका. पाळता येत नाही, आणि शब्द मोडला की पुढच्या वर्षीची रजा अवघड होते. विसर्जनाच्या दिवशी नैवेद्य, आरती, दोरे घेणं हे सगळं दुपारपर्यंत आटोपतं. संध्याकाळची गाडी धरता येते.

याचा अर्थ, खरोखर अढळ असे दोन दिवस आहेत आणि एक दिवस थोडा लवचीक आहे. वरिष्ठांशी बोलताना हा भेद तुमच्या मनात स्वच्छ हवा. मी रजा मंजूर करायला बसते तेव्हा 'गणपती-गौरीची आठ दिवस रजा' असा अर्ज आला की मला त्यातलं काय कापता येईल तेच दिसतं. 'पूजन आणि विसर्जन, दोन दिवस, यात बदल शक्य नाही' असा अर्ज आला की कापायला काही राहतच नाही. आठ मागावेत, चार मिळतील, हा हिशेब या बाबतीत उलटतो. मिळालेल्या चारांत पूजनाचा दिवस असेलच याची खात्री नसते.

रजेचं खातं बघा

महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. तो ज्यांना लागू आहे त्यांना वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा मिळते. ती तिमाहीप्रमाणे खात्यावर जमा होते आणि वर्षाअखेर न घेतल्यास संपते. वर्षात निदान २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. मला स्वतःला महत्त्वाची वाटते ती आणखी एक तरतूद. सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या असतात.

या 'आधी'चा उपयोग फार थोडे लोक करतात. डिसेंबरात यादी बनत असताना मनुष्यबळ विभागाला एक मेल टाकला की गौरीपूजनाचा दिवस निदान ऐच्छिक सुट्ट्यांच्या यादीत बसू शकतो. पंधरा-वीस जणांनी मिळून मागितलं तर त्याला वजन येतं. आमच्याकडे तसं झालं. आता ज्यांच्या घरी गौरी असतात ते पूजनाचा दिवस ऐच्छिक सुट्टीत टाकतात आणि स्वतःच्या खात्यातली रजा एकच लागते.

इथे एक गैरसमज दूर करते. मुंबईत सरकारी कार्यालयांना कधी कधी ज्येष्ठागौरी विसर्जनाची स्थानिक सुट्टी मिळते. २०२५ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरात २ सप्टेंबरला ती होती. ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि लोक ती वरिष्ठांना पाठवतात. खासगी कंपनीला ती सुट्टी बांधील नसते आणि पुण्यातल्या माणसाचा तर तिच्याशी संबंधच नाही. बातमी पाठवून काही साधत नाही, उलट आपली बाजू कच्ची दिसते.

रजा कोणत्या खात्यातून जाणार हेही अर्जाआधी ठरवा. किरकोळ रजा सलग किती दिवस घेता येते याला बऱ्याच कंपन्यांत मर्यादा असते. शिवाय शुक्रवारी आणि सोमवारी रजा घेतली तर मधले शनिवार-रविवारही रजेत धरायचे, असा नियम काही ठिकाणी असतो. तो तुमच्याकडे आहे का ते धोरणाच्या कागदात वाचून घ्या, कारण एका शुक्रवारच्या मोहापायी चार दिवस जातात.

एक प्रत्यक्ष उदाहरण: सप्टेंबर २०२५

माझी धाकटी जाऊ पुण्यात एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लेखा विभागात आहे. २०२५ हे तिचं लग्नानंतरचं दुसरं वर्ष. आवाहन रविवारी ३१ ऑगस्टला, पूजन सोमवारी १ सप्टेंबरला, विसर्जन मंगळवारी २ तारखेला. लेखा विभागातल्या माणसाने याहून वाईट तारखा शोधूनही सापडल्या नसत्या. महिना बंद करायचा, बँकेचा ताळमेळ घालायचा, पुरवठादारांची देणी काढायची, आणि पगार व बिलांवरचा कापलेला कर सात तारखेच्या आत भरायचा. तिचे साहेब कोइम्बतूरचे. स्वभावाने चांगले, पण गौरी म्हणजे काय याची त्यांना कल्पना नव्हती. ती मला म्हणाली, "ताई, पहिल्या तारखेची रजा मागायची मला हिंमतच होत नाही."

आम्ही जूनच्या मध्यावर बसून कागदावर मांडलं. शुक्रवारी २९ ऑगस्टला काम संपवून रात्रीची गाडी. शनिवार तयारीचा, रविवार आवाहनाचा, दोन्ही साप्ताहिक सुट्टीचे. सोमवार-मंगळवार रजा. मंगळवारी रात्री परतीची गाडी आणि बुधवारी ३ तारखेला दुपारपासून कामावर. म्हणजे खर्ची पडणार अडीच दिवस. शुक्रवार तिने मागितलाच नाही.

जूनच का? रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी ते १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते कमी झालं. ऑगस्टअखेरच्या गाडीचं आरक्षण जूनच्या शेवटी आणि जुलैच्या सुरुवातीला खुलतं, आणि गणपतीच्या दिवसांत ते झटकन भरतं. तोवर साहेबांचा होकार हाती हवा. आधी तिकीट काढून मग रजा मागितली तर 'तिकीट काढलंय' हेच कारण होऊन बसतं. ते ऐकायला कुणालाही आवडत नाही, मलाही आवडत नाही.

तिने आधी समोर जाऊन सांगितलं. मेल नंतर. बोलायला तिने महिन्याच्या मधला, कामाचा जोर नसलेला दिवस निवडला. काय बोलायचं ते आम्ही घरी ठरवून घेतलं होतं: "सर, सप्टेंबरमधल्या दोन दिवसांबद्दल आत्ताच बोलायचं आहे, कारण ते महिनाअखेरीला लागून येतात. आमच्या घरी दरवर्षी महालक्ष्मीपूजन असतं. तुमच्याकडे वरलक्ष्मी व्रत असतं ना, तसंच घरच्या बायकांनी करायचं. दिवस नक्षत्रावर ठरतो, घरच्यांना तो बदलता येत नाही. सासूबाईंना आता एकटीने होत नाही, म्हणून आम्ही दोघी सुना दरवर्षी जातो."

वरलक्ष्मी व्रत म्हटल्याबरोबर साहेबांना कळलं. त्यांच्या आईकडे ते असतं. समोरचा माणूस महाराष्ट्राबाहेरचा असेल तर त्याच्या घरातलं जवळचं काही शोधून सांगणं फार उपयोगी पडतं. धर्मशास्त्र, कुळाचार, कोप-अवकृपा यात जाऊ नका. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, मोडलं तर काय होईल, हे समोरच्यावर दडपण आणणारं बोलणं आहे. काय आहे, कधी आहे, का हलत नाही, आणि तुमचं तिथे काम काय, या चार गोष्टी पुरतात. तुमचं काम काय हे लोक हमखास विसरतात. 'घरी पूजा आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ही हात जोडून बसायला चालली आहे. साठ माणसांचा स्वयंपाक आहे म्हटलं की चित्र बदलतं.

साहेबांनी पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे विचारला: "पण एक तारखेचं काय?" त्याचं उत्तर तिच्या हातात कागदावर तयार होतं. हा कागद नसता तर 'बघू' असं म्हणून बोलणं संपलं असतं.

कामाची सोय: कागदावर काय लिहिलं होतं

रजा नाकारणारा माणूस बहुतेक वेळा पूजेच्या विरोधात नसतो. त्या दिवशी अडलेल्या कामाचं उत्तर त्याला स्वतःला द्यावं लागतं, याची त्याला भीती असते. म्हणून 'मी सगळं करून जाईन' या वाक्याला किंमत नाही. कामांची नावं हवीत.

तिने आपली त्या आठवड्यातली कामं तीन गटांत लिहिली. जी आधी होऊ शकतात ती: पुरवठादारांची १ तारखेला देय असलेली बिलं तपासून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मंजुरीसाठी ठेवणं, आणि २८ ऑगस्टपर्यंतचा बँकेचा ताळमेळ. जी नंतर होऊ शकतात ती: शेवटच्या तीन दिवसांचा ताळमेळ आणि कापलेल्या कराचं चलन. सात सप्टेंबर रविवारी येत होता, म्हणून तिने स्वतःच शुक्रवार ५ तारीख ही आपली मुदत लिहून दिली. आणि तिसरा गट, त्याच दोन दिवसांत दुसऱ्या कुणीतरी करायलाच हवं असं काम. त्यात एकच गोष्ट निघाली, बँकेतून देणी सोडण्याची मंजुरी.

ते काम कुणी करायचं हे ठरवताना एक छान योग जुळला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी केरळचा. त्याला ५ सप्टेंबरच्या तिरुवोणमसाठी ४ आणि ५ तारीख हवी होती. ओणमही नक्षत्रावरच ठरतो. गौरी मूळ नक्षत्रावर जातात आणि त्यानंतर तिसरं नक्षत्र श्रवण, म्हणजे त्यांचं तिरुवोणम. दोघांनी अदलाबदल केली. १-२ तारखेला त्याने तिचं काम बघितलं आणि ४-५ ला हिने त्याचं. दोघांचे अर्ज एकाच दिवशी गेले, एकमेकांच्या नावाचा उल्लेख करून. साहेबांना ठरवायला काही उरलंच नाही. २०२४ मध्येही ओणम असाच विसर्जनानंतर तीन दिवसांनी होता. पण दरवर्षी असं होत नाही. अधिक महिन्यामुळे काही वर्षी दोन सणांत सुमारे साडेतीन आठवड्यांचं अंतर पडतं, तेव्हा पुढच्या वर्षी तोच जोडीदार गृहीत धरू नका.

सगळी टोळी मराठी असेल तर प्रश्न जास्त बिकट होतो, कारण सगळ्यांनाच तोच आठवडा हवा असतो. माझ्या नऊ जणांत हे दरवर्षी होतं. त्यातून मला सापडलेला मार्ग असा: ज्यांच्याकडे फक्त गणपती असतो त्यांना चतुर्थीच्या आजूबाजूचे दिवस लागतात, ज्यांच्याकडे गौरी असतात त्यांना ते तीन दिवस, आणि कुणाला अनंत चतुर्दशीच. जूनमध्येच एक तक्ता करून प्रत्येकाला 'तुझा अढळ दिवस कोणता' एवढंच विचारते. सरसकट आठवडा मागितला की सगळे एकमेकांच्या आड येतात. एकेक दिवस विचारला की बहुतेकांचं जमतं. तुमच्या वरिष्ठांनी असा तक्ता केला नसेल तर तुम्ही करून द्या. त्यांना तो हवाच असतो.

लेखी अर्ज

तोंडी होकार मिळाल्यावर त्याच दिवशी लेखी पाठवा. जूनमधलं बोलणं ऑगस्टमध्ये कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि दरम्यान वरिष्ठ बदलूही शकतात. जाऊने पाठवलेला मजकूर साधारण असा होता:

> विषय: १ व २ सप्टेंबर २०२५ रजेबाबत
>
> सर, आज आपलं बोलणं झाल्याप्रमाणे लिहीत आहे. आमच्या अमरावतीच्या घरी महालक्ष्मीपूजन सोमवार १ सप्टेंबर आणि विसर्जन मंगळवार २ सप्टेंबर रोजी आहे. या तारखा पंचांगाप्रमाणे ठरतात, त्यात बदल होत नाही.
>
> मला या दोन दिवसांची अर्जित रजा आणि बुधवार ३ सप्टेंबर रोजी पहिल्या अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मंजूर करावी. बुधवारी दुपारी मी हजर असेन.
>
> शुक्रवार २९ ऑगस्टपर्यंत पूर्ण होणारी, मी आल्यावर होणारी आणि त्या दोन दिवसांत सहकारी बघणार असलेली कामं सोबत जोडली आहेत. सोमवारी पूजनाच्या दिवशी मी फोनवर उपलब्ध नसेन. मंगळवारी दुपारी तीननंतर गरज पडल्यास फोन करता येईल.
>
> रेल्वेचं आरक्षण महिनाअखेरीला सुरू होतं. त्याआधी मंजुरी कळवल्यास सोयीचं होईल.

इंग्रजीत लिहायचं असेल तरी क्रम हाच ठेवा. पहिल्या परिच्छेदात तारीख आणि कारण, दुसऱ्यात नेमकी मागणी, मग काम, आणि शेवटी उत्तर कधीपर्यंत हवं ते. फोनवर कधी नसेन हे स्पष्ट लिहायला लोक कचरतात. माझ्या अनुभवात त्याने वरिष्ठ नाराज होत नाहीत. पूजन चालू असताना चार फोन येऊन गेले आणि ते उचलले नाहीत, याने होतात.

मेल पाठवला म्हणजे रजा झाली असं नाही. कंपनीच्या रजेच्या प्रणालीत अर्ज भरून तो 'मंजूर' झालेला दिसायला हवा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकदा उघडून बघा. काही ठिकाणी वरिष्ठांनी ठरावीक मुदतीत बटण दाबलं नाही तर अर्ज आपोआप रद्द होतो.

नाही म्हणाले तर

आधी नेमकं कशाला नाही आहे ते विचारा. दोन्ही दिवसांना, की एकाला? 'सोमवारचा पूर्ण दिवस मला हवाच आहे, मंगळवारी मी दुपारनंतर घरून काम करू शकते' असा पर्याय तुमच्याकडे तयार हवा. पूजनाचा दिवस वाचवायचा आणि विसर्जनाच्या दिवशी सूट द्यायची, एवढीच देवघेव शक्य असते. उलट करू नका. बदल्यात आधीच्या शनिवारी येऊन काम करायची तयारी दाखवता येते. पण तो शनिवार आवाहनाला लागून असेल आणि गाव लांब असेल, तर तसं आश्वासन देऊ नका.

तरीही नकारच असेल तर तो लेखी मागा, सौम्य शब्दांत: "सर, या तारखांना रजा शक्य नाही असं मी समजू का? तसं मेलवर कळवलंत तर मला घरी सांगता येईल." एवढ्यानेही काही वेळा फेरविचार होतो. त्यानंतर मनुष्यबळ विभागाशी बोलता येतं. वर सांगितलेल्या कायद्यात निदान पंधरा दिवस आधी मागितलेली अर्जित रजा नाकारली गेली, तर ४५ दिवसांवरच्या साठलेल्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क आहे. ज्यांचं खातं तेवढं भरलेलं आहे त्यांना तो उपयोगी आहे. पण अर्जाची तारीख लेखी असली पाहिजे, ही गोष्ट त्यातून सगळ्यांनीच घ्यावी.

आजारी असल्याचं सांगून मात्र जाऊ नका. महालक्ष्म्यांचे फोटो संध्याकाळपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसवर येतातच, आणि एकदा खोटं उघडं पडलं की पुढची सगळी वर्षं जातात. हातात वाती घेऊन बसलेलं असताना मनात ती धास्ती नको.

सुतक आलं तर

याचा विचार रजा मागताना कुणी करत नाही, पण करावा लागतो. भाऊबंदात कुणी गेलं आणि सुतक आलं तर त्या वर्षी घरी महालक्ष्म्या बसत नाहीत. सुतक मधेच फिटत असेल तर काय करायचं, हे घरोघरी वेगळं आहे. ते गुरुजींना आणि घरातल्या मोठ्यांना विचारून ठरतं. आमच्याकडे एका वर्षी असं झालं तेव्हा मी त्याच दिवशी वरिष्ठांना कळवलं, की पूजन नाही, पण घरी जायचं आहे, म्हणून दोन दिवसांऐवजी एकच रजा ठेवते. ती मोकळी झालेली तारीख टोळीतल्या दुसऱ्या मुलीला मिळाली. तिच्या माहेरी गौरी होत्या आणि तिने त्या वर्षी रजेची आशा सोडून दिली होती.